बादली, घड्याळ आणि भगीरथ

समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला तो महाड तालुक्यातील शिवथरच्या घळीत, अशी परंपरा आहे. आणि त्या ग्रंथाच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात, जेथे मूर्खांची लक्षणे मोजून दाखविली आहेत, तेथे आपल्याच तोंडाने आपली स्तुती करणाऱ्याला आणि स्वतः विपत्तीत असता वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणाऱ्याला अगदी आरंभीच्या रांगेत मानाने बसविले आहे. अशा भूमीत निदान पुरस्काराचे प्रस्ताव तरी संयमाने लिहिले जात असतील, असा कोणा परस्थाचा समज होईल, तर तो त्याने कृपा करून सोडून द्यावा. ती घळ आमच्यापासून दूर नाही. परंतु प्रस्ताव लिहावयास बसलेल्या माणसाला जवळची घळ दिसत नाही, दूरचे व्यासपीठ मात्र दिसते.

2000-01 साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, त्यापाठोपाठ केंद्राचे निर्मल ग्राम आले, मग तंटामुक्ती आली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत घरपट्टीच्या दफ्तराइतकेच जाड असे एक दुसरे दफ्तर वाढू लागले. ते म्हणजे प्रस्तावांचे. शाळामास्तर म्हणून आयुष्य घालवून महाडात निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याकडे हे मसुदे ‘जरा नजरेखालून घालायला’ येतात. येणाऱ्याची अपेक्षा अशी असते की ऱ्हस्व-दीर्घ सुधारावे, दोन-चार भारदस्त शब्द घालावे, आणि चहा घेऊन मोकळे व्हावे. मी शब्द घालीत नाही, काढतो, हे ज्याला आधी ठाऊक नसते त्याचा चहा निवतो.

पोलादपूर तालुक्यातील एका डोंगराळ गावचे सरपंच आणि ग्रामसेवक असाच एक मसुदा घेऊन आले. गावाचे नाव मी सांगत नाही, आणि ते ओळखू येऊ नये म्हणून पुढील आकडेही मुद्दाम थोडे फिरविले आहेत. एकमेकांशी असलेले त्यांचे नाते मात्र तसेच ठेवले आहे. पुरस्कार पाण्याच्या कामाबद्दलचा होता. मसुदा बावीस पानांचा. पहिल्या पानावर रायगड, दुसऱ्यावर उमरठ आणि तानाजी मालुसरे, तिसऱ्यावर ‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेले निसर्गरम्य गाव’, चौथ्यावर ‘कार्यसम्राट’ सरपंचांचे छायाचित्र, आणि पाणी प्रथम दिसले ते सातव्या पानावर. ज्या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळून तो कातळावरून सावित्रीत धावतो, आणि तरीही उन्हाळ्यात डोंगरवाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, तेथे प्रस्तावातही पाणी सहा पाने उशिरा यावे, यात एक प्रकारचा वास्तववाद होता खरा. तथापि तो लेखकाला अभिप्रेत नव्हता.

सातव्या पानावरचे वाक्य असे होते: ‘अनादी कालापासून भीषण पाणीटंचाईने ग्रासलेल्या आमच्या गावात सरपंचांच्या कुशल, गतिमान व दूरदर्शी नेतृत्वाखाली हजारो ग्रामस्थांनी भगीरथ प्रयत्न करून अभूतपूर्व जलक्रांती घडविली असून आज संपूर्ण गाव टँकरमुक्त व पाण्याने सुजलाम् सुफलाम् झाले आहे.’

हे वाक्य मी सरपंचांना मोठ्याने वाचावयास लावले. त्यांनी ते सभेत वाचावे तसे वाचले आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, ‘आता याच वाक्यात शेजारच्या गावाचे नाव घालून पुन्हा वाचा.’ त्यांनी वाचले. वाक्याला कोठे ओरखडादेखील उठला नाही. ‘आता सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावाचे घाला.’ तेही बसले. ग्रामसेवक खिडकीबाहेर पाहू लागले, कारण हा मजकूर त्यांनी कोठून उतरविला होता हे त्यांना स्मरले असावे. जे वाक्य कोणत्याही गावाला बसते ते परीक्षकाच्या दृष्टीने कोणत्याच गावाचे नसते. अशी वाक्ये तो वाचीतदेखील नाही, त्यांच्या खालून पुढच्या आकड्याकडे जातो. म्हणून माझा शिरस्ता असा की आधी ही सर्वसंचारी वाक्ये हुडकून बाजूला काढावयाची. बावीस पानांपैकी चौदा पाने त्यातच गेली, आणि रायगड जेथे होता तेथे सुखरूप राहिला.

सातव्या पानावरच्या त्या वाक्यातील पहिला शब्द ‘अनादी’. या शब्दाबद्दल महाडच्या माणसाने फार जपून असावे. आमच्या चवदार तळ्याचा दावा दिवाणी न्यायालयातून चढत चढत मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला, तेव्हा अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची चाल अनादी कालापासून चालत आली आहे, अशी प्रतिपक्षाची कैफियत होती. ‘अनादी’ म्हणणे सोपे आहे, सिद्ध करणे कठीण. चाल जुनी असल्याच्या साक्षींवरून ती अनादी ठरत नाही, असे पाहून 17 मार्च 1937 रोजी न्यायालयाने निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने दिला. ज्या शब्दाने उच्च न्यायालयात मार खाल्ला तो शब्द जिल्हास्तरीय निवड समितीपुढे नेण्यात काय हशील? ‘टंचाई केव्हापासूनची?’ मी विचारले. ग्रामसेवकांनी दफ्तर चाळले. टँकरची सर्वांत जुनी नोंद सापडली ती सोळा वर्षांपूर्वीची. ‘उपलब्ध नोंदींनुसार मागील सोळा वर्षे’ असे लिहिले. सरपंचांना वाटले गावाची टंचाई फारच अलीकडची झाली.

मग ‘हजारो ग्रामस्थ’. गावात राहती माणसे दोनशे शहाऐंशी. ‘मुंबईचे धरले तरी हजार भरत नाहीत,’ असे ग्रामसेवकांनीच दबल्या आवाजात सांगितले. श्रमदानाचा हजेरीपट होता काय? होता, आणि तो ठेवला होता अंगणवाडीच्या ताईंनी, कारण त्यांना हजेरी मांडण्याची सवय होती आणि इतरांना भाषण करण्याची. त्यावरून निघाले ते हे: नऊ रविवार, त्रेसष्ठ माणसे, एकूण तीनशे सतरा मनुष्यदिवस. ‘त्रेसष्ठच?’ सरपंच खिन्न झाले. मी त्यांना हिशेब दाखविला की दोनशे शहाऐंशींच्या गावात, त्यात म्हातारी आणि शाळेची मुले वजा करता, त्रेसष्ठ माणसे रविवारची झोप मोडून कुदळ घेऊन डोंगर चढली, हे ‘हजारो’पेक्षा किती तरी मोठे आहे, कारण ‘हजारो’वर कोणाचाच विश्वास बसत नाही, आणि त्रेसष्ठांपैकी प्रत्येकाची सही हजेरीपटावर आहे.

आता खरी गोष्ट पाणी. गावाने डोंगराच्या उतारावर समतल चर खणले होते, ओघळींत अनगड दगडांचे बांध घातले होते, वरच्या झऱ्यातला गाळ काढून त्याला चिरेबंदी टाकी बांधली होती, आणि पाऊस ओसरल्यावर ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला होता. कामे चांगली होती. मी ती पाहिली आहेत. परंतु प्रस्तावात त्यांच्या खाली लिहिले होते ‘मुबलक पाणी उपलब्ध’, आणि पुराव्यादाखल दोन छायाचित्रे जोडली होती: ‘पूर्वी’ म्हणून भेगाळलेला कोरडा ओढा, ‘नंतर’ म्हणून काठोकाठ वाहणारा. दुसऱ्या छायाचित्रात मागे एक गृहस्थ छत्री धरून उभे होते. ‘पूर्वीचे’ मे महिन्यातले आणि ‘नंतरचे’ जुलैतले, हे सिद्ध करण्यास त्या छत्रीइतका निःपक्षपाती साक्षीदार दुसरा मिळणार नाही. कोकणातला कोणताही ओढा मे आणि जुलै यांच्या दरम्यान एवढी प्रगती सरपंचांच्या नेतृत्वाशिवायही करून दाखवितो. छायाचित्र पुरावा ठरावयाचे तर जागा तीच, कोन तोच, महिना तोच, आणि वर्ष तेवढे निराळे, एवढे पाहिजे.

‘मुबलक म्हणजे किती?’ या प्रश्नाला सरपंचांनी दोन्ही हात पसरून उत्तर दिले. ग्रामसेवक काही बोलले नाहीत. पण त्यांच्याबरोबर एक गृहस्थ आले होते, जे इतका वेळ दाराशी चपलांजवळ बसून होते. हे गावचे जलसुरक्षक; टाकीत टीसीएल पावडर टाकावी, ओटी चाचणी करून पाण्याला पिवळी छटा येते की नाही ते पाहावे आणि वहीत मांडावे, हे त्यांचे काम. त्यांनी पिशवीतून एक शंभरपानी वही काढली. पाण्याच्या चाचण्यांबरोबरच, कोणी सांगितले नसता, केवळ स्वतःच्या कुतूहलापोटी, ते दर महिन्याच्या बाराव्या दिवशी झऱ्याच्या तोटीखाली पंधरा लिटरची बादली ठेवून ती किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहून लिहीत आले होते. बावीस पानांच्या त्या मसुद्यात जे नव्हते ते सर्व त्या वहीत होते.

सरपंच आनंदले. ‘जानेवारीचा आकडा घ्या गुरुजी, पन्नास सेकंद!’ पन्नास सेकंदांस पंधरा लिटर म्हणजे मिनिटाला अठरा, दिवसाला सुमारे सव्वीस हजार लिटर. दोनशे शहाऐंशी माणसांना वाटले तर डोई नव्वद लिटर पडतात. आणि जलजीवन मिशनचे प्रमाण तर दरडोई दररोज पंचावन्नच लिटरांचे. ‘म्हणजे आपण दीडपटीच्याही पुढं!’ त्यांनी ते वाक्य तोंडी रचूनही टाकले.

परंतु कोकणात भाजक हा भाज्यापेक्षा लबाड असतो, हे मी तेथल्या शाळांत गणित शिकवून शिकलो आहे. गावात घरे एकशे बेचाळीस. त्यांतील एक्कावन्न घरांना कुलुपे, कारण माणसे मुंबईला. ही कुलुपे मे महिन्यात उघडतात. चाकरमानी येतात, पोरेबाळे येतात, लग्ने निघतात, आणि दोनशे शहाऐंशींची वस्ती पाचशे साठांवर जाते. ती नेमकी तेव्हा जाते जेव्हा झरा आटत आलेला असतो. वहीत गेल्या 12 मेची नोंद नव्वद सेकंदांची होती. म्हणजे मिनिटाला दहा लिटर, दिवसाला चौदा हजार चारशे, आणि पाचशे साठ माणसांत वाटले तर डोई सव्वीससुद्धा नाहीत. जानेवारीचा आकडा खरा होता, मेचाही खरा होता. पण पाण्याच्या पुरस्काराला जानेवारीचा आकडा पाठविणे म्हणजे सुट्टीच्या दिवशी मोजून वर्ग शांत असल्याचा दाखला देणे होय.

खोलीत सुतकी कळा पसरली. सरपंचांनी मसुदा गुंडाळावयास घेतला. तेव्हा जलसुरक्षकांनी, कोणाकडेही न पाहता, वहीची मागची पाने उलटली आणि एक नोंद बोटाने दाखविली. काम होण्यापूर्वीच्या वर्षीचा 12 मे: बादली भरण्यास चार मिनिटे. दिवसाला पाच हजार चारशे लिटर. त्याच झऱ्याचे, त्याच महिन्यात, त्याच बादलीने मोजलेले पाणी पाच हजार चारशेवरून चौदा हजार चारशेवर गेले होते; अडीच पटींहून अधिक. हे कोणी लिहिले नव्हते, कारण ‘मुबलक’ लिहिल्यावर आणखी काही लिहावयाची गरज उरत नाही.

तरीही एक शंका राहतेच, आणि जो परीक्षक आपल्या भत्त्यास जागतो तो ती काढतोच: मधल्या वर्षी पाऊसच जास्त झाला असेल तर? या प्रश्नापुढे पुष्कळ जलक्रांत्या वाहून गेल्या आहेत. उत्तर पुन्हा वहीतच होते. आमचे जलसुरक्षक खालच्या वाडीतला दुसरा झराही मोजीत, कारण तो त्यांच्या घराच्या वाटेवर होता. त्याच्या वरच्या अंगाला चर नव्हते, बांध नव्हते, काहीच केलेले नव्हते. दोन्ही वर्षी मेमध्ये त्याला बादली भरण्यास जवळजवळ तेवढाच वेळ लागला होता. पावसाचे देणे असते तर ते दोन्ही झऱ्यांना मिळते. अर्थात दोन झरे आणि दोन मे महिने एवढ्यावरून सिद्धांत उभा राहत नाही, आणि आम्ही तसा दावाही केला नाही. ‘न केलेल्या झऱ्यात असा फरक आढळला नाही’ एवढेच लिहिले आणि दोन्ही नोंदी जोडल्या.

‘टँकरमुक्त’ हा शब्द सरपंचांचा विशेष जिव्हाळ्याचा होता. त्याची शहानिशा करण्यासाठी टँकरच्या खेपांची नोंदवही मागविली. तीत असे दिसले की काम होण्यापूर्वी पहिला टँकर आला तो 22 मार्चला आणि नंतरच्या वर्षी 6 मेला, तोही वरच्या वाडीपुरता. वरच्या वाडीतील एक वृद्धा त्या दिवशी योगायोगाने दवाखान्यासाठी महाडात आली होती आणि परतीच्या गाडीसाठी सरपंचांना शोधीत तेथे पोहोचली. तिला विचारले, ‘आजी, गाव टँकरमुक्त झालं का?’ ती म्हणाली, ‘झालं की. टँकरच येत नाय वेळेवर.’

हा पुरावा आम्ही जोडला नाही. परंतु त्या उत्तरानंतर ‘टँकरमुक्त’ शब्द आपोआप कागदावरून उतरला आणि त्याच्या जागी ‘टँकरची गरज पंचेचाळीस दिवसांनी पुढे गेली, वरच्या वाडीस ती अद्याप आहे’ असे वाक्य आले. सरपंच हादरले. ‘गुरुजी, आपलं आपणच कमी सांगायचं?’ मी म्हटले, समिती गावात येते तेव्हा तिला रस्ता दाखवायला तुम्ही जाल, पण तिच्याशी बोलायला ही आजी असेल.

ग्रामसेवकांचा आधार निराळा होता. त्यांच्या मते हे सर्व मोजमाप अनाठायी होते, कारण मासिक सभेचा ठराव होता. ‘सर्व वाड्यांना समान पाणी देण्यात आले आहे, असा ठरावच आहे, क्रमांकासह,’ ते म्हणाले, आणि त्या ‘क्रमांकासह’मध्ये सरकारी जन्माची सारी निष्ठा होती.

ग्रामसेवक भाऊसाहेबांना मी चवदार तळ्यापर्यंत चालत नेले. ते काही दूर नाही. 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. त्याला अनुसरून जानेवारी 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. त्या काळी पुरस्कार असते आणि नगरपालिकेने प्रस्ताव पाठविला असता, तर पुरावा म्हणून ठराव जोडता आला असता, क्रमांकासह. शाई खरी, सही खरी, तारीख खरी. फक्त अस्पृश्यांना तेथे पाणी भरता येत नव्हते. ठराव कागदावर तीन वर्षे कोरडा राहिला, आणि तो ओला झाला तो 20 मार्च 1927 रोजी, जेव्हा डॉ. आंबेडकर परिषदेच्या मंडपातून हजारो माणसांसह चालत येऊन तळ्याचे पाणी प्याले. येथे ‘हजारो’ शब्द खरा आहे, म्हणून तो ठेवला. त्यानंतर काय झाले? एकशे आठ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळ्याची शुद्धी करण्यात आली, आणि नगरपालिकेने आपला ठराव 4 ऑगस्ट 1927 रोजी रद्द केला. बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी. ठराव म्हणजे काय करावयाचे होते त्याची नोंद; काय झाले हे पाणी पिणाऱ्यालाच ठाऊक.

भाऊसाहेब बराच वेळ तळ्याकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी विचारले, ‘म्हणजे वाडीनिहाय नळाला पाणी किती वेळ येतं ते लिहायचं का?’ मी म्हटले, होय. ते त्यांनी पुढच्या आठवड्यात लिहून आणले, आणि ते सर्व वाड्यांना समान नव्हते. ठरावाचा उल्लेख तेव्हा प्रस्तावातून गेला, वाडीनिहाय वेळापत्रक आले, आणि मला वाटते, वरच्या वाडीला अर्धा तास पाणी वाढवून मिळाले ते या प्रस्तावाचे एकमेव प्रत्यक्ष फलित.

पुराव्याचे नाव घेणे हीसुद्धा एक विद्या आहे. मूळ मसुद्यात जागोजाग ‘पुरावे सोबत जोडले आहेत’ असे होते. सोबत होती ती सरपंचांनी सरपंचांच्या कामाबद्दल दिलेली शिफारस, माजी आमदारांचे शुभेच्छापत्र, आणि ग्रामपंचायतीनेच पाठविलेल्या बातमीची कात्रणे, ज्यांत ग्रामपंचायतीची स्तुती होती. हे म्हणजे एकाच माणसाने तीन आवाजांत बोलणे. आम्ही प्रत्येक दाव्यासमोर लिहिले की नोंद कोणती, कोणी केली, कोणत्या तारखेची, आणि आज ती कोणाच्या ताब्यात आहे: झऱ्याच्या प्रवाहासमोर जलसुरक्षकाची नोंदवही, श्रमदानासमोर अंगणवाडीतील हजेरीपट, चरांच्या लांबीसमोर मोजमाप पुस्तिका, टँकरसमोर खेपांची नोंदवही. ज्या दाव्यासमोर हा रकाना रिकामा राहिला तो दावा आम्ही खोडला. असे खोडलेले दावे सात होते, आणि त्यांतले निदान दोन खरे असावेत अशी माझी समजूत आहे. पण ज्याची नोंद नाही ते खरे असले तरी गावाच्या आठवणीत राहावे, प्रस्तावात नव्हे.

शेवटी प्रस्ताव चार पानांचा उरला. सरपंचांनी तो दोनदा उलटापालटा करून पाहिला आणि विचारले, ‘गुरुजी, यात मी कुठं आहे?’ मी त्यांना चौथ्या पानावरची सहीची जागा दाखविली. ‘कार्यसम्राट’ नाही, ‘कुशल नेतृत्व’ नाही, हे त्यांना फार लागले, आणि त्यांची समजूत काढणे हे साऱ्या संपादनातले सर्वांत अवघड काम ठरले. भाजकाचा लबाडपणा आकड्यांनी दाखविता येतो. मनुष्याला आपल्या विशेषणांची जी माया असते तिला आकडा लागू पडत नाही. अखेर मी त्यांना एक वाक्य देऊ केले: ‘झऱ्याच्या टाकीसाठी जागा सरपंचांनी स्वतःच्या मालकीतून दिली; बक्षीसपत्र सोबत.’ ही गोष्ट खरी होती आणि बावीस पानांत ती कोठेही नव्हती. ते वाचून ते गप्प झाले, आणि गप्प झालेला सरपंच मी तोवर पाहिला नव्हता.

वरच्या वाडीला टँकर लागतो, हे वाक्य अखेरच्या प्रतीतून काढावे असा आग्रह अखेरपर्यंत होता. ते राहिले, कारण ते त्या चार पानांतले सर्वांत विश्वासार्ह वाक्य होते. निकाल काय लागला ते येथे सांगत नाही, कारण तो सांगितला की वाचक प्रस्तावाची पारख बक्षिसावरून करू लागतो. ज्यांना पुढच्या वर्षी प्रस्ताव पाठवावयाचा आहे त्यांना मात्र एवढेच सांगणे आहे की लेखक शोधू नका. येत्या मे महिन्यात पंधरा लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन झऱ्यावर जा, तारीख घालून लिहून ठेवा, आणि खालचा दुसरा झराही मोजा.